एक भाषा, एक राज्य: भाषेवर राज्यं आखली की कोणते प्रश्न सुटतात आणि कोणते उरतात?

१ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६०. या साडेतीन वर्षांत कच्छमधलं भुज आणि विदर्भातलं चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, ही दोन्ही गावं एकाच राज्यात होती. राज्याचं नाव मुंबई, राजधानी मुंबई आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. अर्ध्या राज्याची भाषा मराठी, उरलेल्याची मुख्यतः गुजराती. यालाच आपण 'द्विभाषिक' म्हणतो.

हे राज्य टिकलं नाही. मराठी लोकांना ते नको होतं आणि गुजराती लोकांनाही नको होतं. १ मे १९६० ला त्याचे दोन भाग झाले, महाराष्ट्र आणि गुजरात.

आज हे सगळं इतकं स्वाभाविक वाटतं, की मराठी लोकांचं राज्य महाराष्ट्र असणारच, असं आपण धरून चालतो. पण १९४८ मध्ये नेमलेल्या दार आयोगाने 'भाषेवर राज्यं करू नका' असंच सांगितलं होतं. मग निर्णय का बदलला? भाषेवर राज्यं केल्यावर काय मिळालं? आणि बेळगाव, विदर्भ, तेलंगणा हे प्रश्न त्यानंतरही का उरले? एकेक करून बघू.

मुळात देशाचे तुकडे पाडायचेच कशाला?

देश मोठा असेल तर कारभारासाठी त्याचे भाग पाडावेच लागतात. पण भाग पाडण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार फ्रान्सचा. क्रांतीनंतर १७९० मध्ये फ्रान्सने जुने प्रांत मोडले आणि देशाचे ८३ विभाग केले. त्यांना नावं दिली नद्यांची आणि डोंगरांची. हेतू असा, की लोकांनी स्वतःला जुन्या प्रांताचं न समजता फ्रान्सचं समजावं. हे विभाग म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे. वरून आलेला आदेश खाली पोहोचवायचा, हे त्यांचं काम.

दुसरा प्रकार भारतातल्या राज्यांचा. राज्याला स्वतःची निवडून आलेली विधानसभा असते, पोलीस, शेती, जमीन अशा विषयांवर कायदे करायचा अधिकार असतो आणि स्वतःचे काही करही असतात. म्हणजे राज्य फक्त आदेश पाळत नाही, तर स्वतः निर्णय घेतं.

याचा फायदा कळायला महाराष्ट्राचंच उदाहरण घेऊ. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना चालवली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. मागेल त्याला काम द्यायचं, हे तिचं तत्त्व. २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा हा अनुभव समोर होता. एका राज्यात आधी करून बघता आलं, म्हणून देशाला शिकता आलं. निर्णय फक्त दिल्लीत होत असते, तर एक तर सगळीकडे एकदम योजना आली असती किंवा कुठेच आली नसती.

म्हणजे राज्यं हवीत, हे ठरलं. खरा वाद पुढे सुरू होतो. रेषा कुठे मारायची?

मग भाषाच का निवडली?

इंग्रजांच्या काळातले प्रांत कोणी विचार करून आखलेले नव्हते. लढाया, तह आणि खालसा झालेली संस्थानं जशी हाती येत गेली, तसे ते वाढत गेले. मुंबई इलाख्यात मराठी, गुजराती आणि कानडी मुलूख होता. १९३६ पर्यंत सिंधही त्यातच होता. मद्रास इलाख्यात तमिळ, तेलुगू, मल्याळम आणि कानडी. निजामाच्या हैदराबादमध्ये तेलुगू, मराठी आणि कानडी.

मराठी माणूस तर तीन ठिकाणी विभागला होता. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र मुंबई इलाख्यात, विदर्भ मध्य प्रांत आणि वऱ्हाडात आणि मराठवाडा निजामाकडे.

काँग्रेसला ही अडचण स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी जाणवली होती. १९२० च्या नागपूर अधिवेशनात तिने आपल्या प्रांतिक समित्या इंग्रजांच्या नकाशाप्रमाणे न ठेवता भाषेप्रमाणे केल्या. कारण व्यवहाराचं होतं. चळवळ गावागावात न्यायची तर सभा, पत्रकं आणि समितीचं कामकाज लोकांच्या भाषेतच व्हायला हवं.

हेच कारण राज्यकारभारालाही लागू होतं. सातबारा, पोलिसातली फिर्याद, शाळेचं पुस्तक, विधानसभेतलं भाषण हे सगळं लोकांना कळणाऱ्या भाषेत असेल, तरच त्यांना कारभारावर लक्ष ठेवता येतं. एका राज्यात चार भाषा असल्या की वरच्या पातळीवरचा कारभार बहुतेक वेळा कोणाचीच नसलेल्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत चालतो. मग ज्याला इंग्रजी येतं, तोच सरकारदरबारी पोहोचतो. भाषिक राज्याच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तो अस्मितेचा नसून सोयीचा आहे.

तरीही स्वातंत्र्यानंतर काँग्रेसचे नेते मागे सरले. नुकतीच फाळणी झाली होती. धर्मावरून देश तुटला, आता भाषेवरून आणखी तुटेल, ही भीती खरी होती. दार आयोगानंतर नेहरू, पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीनेही १९४९ मध्ये 'सध्या थांबा' असाच सूर लावला.

थांबणं शक्य झालं नाही. तेलुगू भाषकांच्या वेगळ्या राज्यासाठी पोट्टी श्रीरामुलू यांनी मद्रासमध्ये उपोषण सुरू केलं आणि १५ डिसेंबर १९५२ ला त्यांचा मृत्यू झाला. तेलुगू भागात दंगली उसळल्या. चारच दिवसांनी नेहरूंनी आंध्र राज्याची घोषणा केली. ते १ ऑक्टोबर १९५३ ला अस्तित्वात आलं.

एकाला दिलं म्हटल्यावर बाकीच्यांना नाही कसं म्हणणार? म्हणून न्यायमूर्ती फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. त्याच्या अहवालाच्या पायावर १९५६ चा कायदा आला आणि १४ राज्यं आणि ६ केंद्रशासित प्रदेश झाले.

याच सुमारास शेजारी पाकिस्तानने नेमकं उलटं केलं. ऑक्टोबर १९५५ मध्ये पंजाब, सिंध, सरहद्द प्रांत आणि बलुचिस्तानचा भाग एकत्र करून पश्चिम पाकिस्तान नावाचा एकच प्रांत केला. सिंधी, पश्तून आणि बलोच लोकांत त्यावरून नाराजी धुमसत राहिली आणि १९७० मध्ये ही व्यवस्था मोडावी लागली. भारतात भाषिक राज्यांमुळे देश तुटेल ही भीती खरी ठरली नाही. ज्यांना राज्य मिळालं, त्यांचं भांडण बहुतेक वेळा विधानसभेत आणि निवडणुकीत आलं.

पण भाषेच्या रेषेने सगळंच सुटत नाही. तीन ठिकाणी ती हमखास अडते.

पहिली अडचण: मोठं शहर कोणाचं?

खेड्याची भाषा सांगणं सोपं असतं, महानगराची अवघड. कारण शहर वाढतं ते बाहेरून आलेल्या माणसांमुळे आणि पैशामुळे.

१९५१ च्या जनगणनेत मुंबईत मराठी भाषकांचा गट सगळ्यात मोठा होता, पण तो निम्म्याहून कमी होता. शहराच्या उद्योग-व्यापारात गुजराती भाषकांचं वजन मोठं होतं. गिरण्यांमध्ये राबणारा कामगार मुख्यतः मराठी. आणि शहराच्या आजूबाजूचा सगळा मुलूख मराठी. आता डोकी मोजायची, भांडवल मोजायचं की भूगोल बघायचा? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात.

राज्य पुनर्रचना आयोगाने यातून वाट काढली ती द्विभाषिक राज्याची. मराठवाडा मुंबई राज्यात घ्यायचा, गुजरातही त्यातच ठेवायचा आणि विदर्भाचं वेगळं राज्य करायचं. ते कोणालाच मानवलं नाही. जानेवारी १९५६ मध्ये नेहरूंनी मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील असं जाहीर केलं. अर्थमंत्री सी. डी. देशमुख यांनी त्यावरून मंत्रिमंडळ सोडलं. रस्त्यावर आंदोलन पेटलं, गोळीबार झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेल्या १०६ जणांची आठवण म्हणून फ्लोरा फाउंटनचा परिसर आज हुतात्मा चौक म्हणून ओळखला जातो.

शेवटी विदर्भासकट सगळं एकत्र करून मोठं द्विभाषिक केलं गेलं. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला जबर दणका दिला. तिकडे गुजरातेत महागुजरात जनता परिषद उभी राहिली होती. द्विभाषिक चालणार नाही, हे मतपेटीतून दिसलं.

१९६० चा कायदा वाचला, तर वादाचं मूळ लगेच दिसतं. मुंबई महाराष्ट्राला मिळाली, पण मुंबईचा महसूल गेल्यावर गुजरातचं अंदाजपत्रक तुटीत जाणार होतं. म्हणून गुजरातसाठी खास राखीव निधीची तरतूद झाली आणि महाराष्ट्राने ठरावीक रकमा द्यायच्या असं ठरलं. नकाशावरची रेषा भाषेची होती, पण वाटाघाटी तिजोरीवर अडल्या होत्या.

हे फक्त मुंबईचं नाही. आंध्रवाल्यांना मद्रास शहर हवं होतं, ते मिळालं नाही आणि सुरुवातीला कर्नूलला राजधानी करावी लागली. पंजाब आणि हरियाणा १९६६ मध्ये वेगळे झाले, पण चंदीगड आजही दोघांची राजधानी आहे.

दुसरी अडचण: सीमेवर मोजायचं काय?

दोन भाषांच्या मधे कुंपण नसतं. एका गावात मराठी जास्त, शेजारच्या गावात कानडी, पुढच्या गावात दोन्ही. मग बहुमत कशाचं बघायचं? जिल्ह्याचं, तालुक्याचं की गावाचं?

हा प्रश्न हिशोबाचा वाटतो, पण उत्तर त्यावरच ठरतं. बेळगावचं उदाहरण बघा. पूर्ण बेळगाव जिल्हा धरला तर कानडी भाषक जास्त होते. बेळगाव शहर आणि खानापूर तालुका वेगळा काढला तर मराठी जास्त. आयोगाने साधारणपणे जिल्हा हा एकक धरला, म्हणून बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं.

पण त्याच आयोगाने याच जिल्ह्यातला चंदगड तालुका वेगळा काढून मुंबई राज्यात ठेवला. तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. महाराष्ट्राचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. चंदगडसाठी जिल्हा मोडता येतो, तर बेळगावसाठी का नाही? कर्नाटकचं म्हणणं असं, की जिल्ह्याचं मुख्य ठिकाणच काढून घेतलं तर उरलेल्या जिल्ह्याने काय करायचं?

दुसरा मार्ग माहीत नव्हता असं नाही. आंध्र आणि मद्रासच्या सीमेसाठी ह. वि. पाटसकर यांनी गाव हा एकक धरला. त्या गावात बहुमत कोणत्या भाषेचं आहे आणि ते गाव आपल्या बाजूच्या मुलखाला लागून आहे का, हे पाहून सीमा ठरवली आणि १९५९ च्या कायद्याने ती पक्की झाली. महाराष्ट्र बेळगावसाठी हेच सूत्र मागतो. कर्नाटक मात्र १९६७ च्या महाजन आयोगाकडे बोट दाखवतं. त्या आयोगाने सीमेवरच्या काही गावांची अदलाबदल सुचवली, पण बेळगाव कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

गाव धरलं तरी सगळं मिटत नाही. रेषा नागमोडी होते, धरण एकीकडे आणि कालवा दुसरीकडे जातो. आणि कुठेही रेषा मारा, पलीकडे काही माणसं उरतातच. त्यांच्यासाठी १९५६ मध्येच घटनेत कलम ३५० अ आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असं ते सांगतं. सीमाभागातल्या माणसाला रोजच्या जगण्यात नकाशापेक्षा हे कलम नीट पाळलं जातंय का, याचा फरक जास्त पडतो. मराठी शाळा चालू आहे का, अर्जाचा नमुना मराठीत मिळतो का, यावरून ते ओळखता येतं.

तिसरी अडचण: भाषा एक, पण वाटा सारखा नाही

सगळ्यात मोठा धक्का तेलंगणाने दिला. भाषेच्या नावावर पहिलं मोठं राज्य तेलुगू लोकांनी मिळवलं आणि तेच २०१४ मध्ये दुभंगलं. दोन्हीकडे भाषा तेलुगूच.

खरं तर आयोगाने आधीच सावध केलं होतं. निजामाच्या राजवटीतला तेलंगणा आणि इंग्रजांच्या राजवटीतला किनारी आंध्र यांची वाढ वेगळी झाली आहे, तेव्हा काही काळ तेलंगणा वेगळं ठेवा आणि नंतर त्याच्या विधानसभेने दोनतृतीयांश बहुमताने ठरवलं तरच जोडा, असं त्याने सुचवलं होतं. ते न ऐकता १९५६ मध्ये दोन्ही भाग जोडले गेले. तेलंगणाच्या नोकऱ्या आणि पैसा यांची हमी देणारा एक करार नेत्यांमध्ये झाला. तो पाळला जात नाही, या तक्रारीवर १९६९ मध्ये मोठं आंदोलन झालं आणि अखेर २ जून २०१४ ला वेगळं राज्य झालं.

यातही वाद आला शहरावरच. हैदराबाद तेलंगणाला मिळालं, आंध्रला दहा वर्षांपर्यंत ते सामायिक राजधानी म्हणून वापरता येईल असं ठरलं आणि स्वतःची राजधानी नव्याने उभी करायची वेळ आली.

आणखी एक गोष्ट इथे दिसली. आंध्रच्या विधानसभेने विभाजनाचं विधेयक जानेवारी २०१४ मध्ये फेटाळलं होतं. तरी पुढच्याच महिन्यात संसदेने ते मंजूर केलं. कारण घटनेच्या कलम ३ नुसार राज्याची सीमा बदलायचा अधिकार संसदेचा आहे. राज्याचं मत मागवावं लागतं, मानावं लागत नाही.

आपल्याकडे विदर्भाचा प्रश्न याच जातीचा आहे. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाड्याला न्याय्य वाटा द्यायचं आश्वासन होतं. नागपूरचं हिवाळी अधिवेशन त्यातूनच आलं. घटनेच्या कलम ३७१ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळांची तरतूद झाली. पण मंडळं प्रत्यक्ष आली १९९४ मध्ये आणि त्यांची मुदत २०२० मध्ये संपली. मधल्या काळात वि. म. दांडेकर समितीने हिशोब मांडला, तेव्हापासून 'अनुशेष' हा शब्द आपल्या राजकारणात रुळला.

आंबेडकरांनी काय सुचवलं होतं?

ही अडचण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ मध्येच मांडली होती. 'एक राज्य, एक भाषा' हे तत्त्व त्यांना मान्य होतं. म्हणजे एका राज्यात शक्यतो एकच भाषा असावी. पण त्याचा अर्थ 'एक भाषा, एक राज्य' असा होत नाही, हे त्यांनी ठासून सांगितलं. एका भाषेची अनेक राज्यं असू शकतात. महाराष्ट्राचेही त्यांनी चार भाग सुचवले होते. मुंबई शहर हा एक आणि पश्चिम, मध्य आणि पूर्व असे बाकीचे तीन. उत्तर प्रदेशचे तीन आणि बिहारचे दोन भाग करावेत, असंही त्यांचं मत होतं.

कारण दुहेरी होतं. फार मोठी राज्यं केंद्रातलं संतुलन बिघडवतात आणि राज्याच्या आत बहुसंख्य जातीसमोर लहान गट निराधार होतात. २००० मध्ये छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड झाले, ते याच वाटेने. तिथे भाषेचा वाद हे कारण नव्हतं, लांब राहिलेली राजधानी आणि दुर्लक्ष हे होतं.

लहान राज्य म्हणजे आपोआप चांगलं राज्य, असं मात्र नाही. झारखंड वेगळा झाला तेव्हा खनिजं आणि मोठे कारखाने त्याच्याकडे गेले, आणि बिहार शेतीवर उरला. एकाला न्याय देताना दुसऱ्याची तिजोरी हलकी होते. शिवाय नवं राज्य म्हणजे नवी विधानसभा, नवं सचिवालय, नवं उच्च न्यायालय. हा खर्च भागवायला महसूल लागतो, नाही तर राज्य दिल्लीच्या मदतीवर अवलंबून राहतं.

मग नव्या राज्याची मागणी कशी तपासायची?

पुढच्या वेळी टाइमलाइनवर वेगळ्या विदर्भाची किंवा आणखी कुठल्या राज्याची चर्चा दिसली, की चार गोष्टी शोधा. मोठं शहर कोणाकडे जाणार? उरलेल्या भागाचा महसूल कुठून येणार? नदीचं पाणी आणि धरणं कोणाकडे राहणार? आणि नव्या रेषेच्या आत जे अल्पसंख्य होतील, त्यांच्यासाठी काय लिहून ठेवलंय?

ज्या मागणीत या चारांची उत्तरं आहेत, ती कारभाराची मागणी आहे. जिथे फक्त अस्मितेचा जोर आहे, तिथे वाद मिटत नाही, तो नव्या सीमेवर जाऊन बसतो. भाषा कारभार लोकांपर्यंत आणते. पण त्या कारभारातला वाटा कोणाला किती मिळेल, हे भाषा ठरवत नाही. ते राज्य झाल्यानंतर दरवर्षीच्या अंदाजपत्रकात ठरतं.